प्रबंधासाठी जीपीयूचा वेळ मागणारे पत्र

विभागप्रमुखांना पत्र लिहून सामायिक जीपीयू सर्व्हरचा वेळ मागायचा आहे; किती तास लिहावेत?

आकडा अंदाजाने लिहू नका, आधी छोटी चाचणी चालवून मोजा. एका एपॉकला ४० मिनिटे लागत असतील आणि १० एपॉक हवे असतील, तर एक प्रयोग ६ तास ४० मिनिटांचा होतो. चार रचना प्रत्येकी तीनदा तपासायच्या, म्हणजे एकूण ८० तास, आणि फसणाऱ्या प्रयोगांसाठी आणखी २० तास धरावेत. मग पत्रात लिहावे:

"महोदया, माझ्या एम.टेक. प्रबंधातील बारा प्रयोगांसाठी एका जीपीयूचे १०० तास, शक्यतो रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, मिळावेत, ही नम्र विनंती. प्रत्येक एपॉकनंतर चेकपॉइंट जतन होत असल्याने, इतरांना तातडीची गरज पडल्यास माझे काम मध्येच थांबवता येईल."

हे दुसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चाचणीच्या वेळी `nvidia-smi` मध्ये दिसलेला मेमरीचा सर्वाधिक वापरही अवश्य नोंदवावा.