बाळाच्या तापाची वही: नुसता आकडा लिहून भागत नाही

प्रश्न: "माझं बाळ दोन महिन्यांचं आहे. डॉक्टर म्हणाले, ताप आणि दूध पिण्याची नोंद ठेवा आणि येताना घेऊन या. नक्की काय लिहायचं? ॲप वापरू की वही?"

आकडा सगळेच लिहितात. त्या वेळी औषधाचा अंमल होता की नाही आणि बाळ कसं पीत होतं, हे कोणी लिहीत नाही, आणि डॉक्टरांना हवं असतं तेच. माझ्या लेकीच्या वेळी सगळा उलगडा या दोन गोष्टींनी झाला. ते जरा सविस्तर सांगते, कारण त्या वहीवरून आमच्या घरातलं भांडण अजून मिटलेलं नाही.

मी बाळंतपणाला माहेरी होते, देवगड तालुक्यात. मे महिना, घरात आंब्याच्या पेट्या, बाहेर घामाच्या धारा, आणि बाळंतिणीच्या खोलीत खिडकी लावून ओव्याची धुरी. माझी काकी म्हणजे घरातली शेवटची कोर्ट. चार पोरं वाढवली, नातवंडं वाढवली, तेव्हा तिचं म्हणणं खोडायची कोणाची टाप नाही. मी पहिल्या दिवसापासून उशाशी दोनशे पानी वही आणि पेन्सिल ठेवलेली तिला अजिबात आवडत नव्हती. "पोराचा पिणा मोजू नये गो, नजर लागता," हे रोजचं. आणि ताप आल्यावर, "लिवन ताप उतरता काय?"

लेकीला दहा आठवडे झाले तेव्हा उपकेंद्रात दुसरी पेंटाव्हॅलंट टोचली. त्यानंतरचं वहीतलं पान जसंच्या तसं देते.

बुधवार. ११ वा. लस. रात्री ९, काखेत १००.६. ड्रॉप्स दिले, सिस्टरनी लिहून दिले तेवढेच. किरकिर, पण पिते आहे.

गुरुवार. पहाटे ५, ९९.८, ड्रॉप्स. दुपारी ३, ९८.४, औषध नाही. रात्री १०, ९८.२, औषध नाही.

शुक्रवार. सकाळी ९८, संध्याकाळी ९८.४. औषध नाही. प्रत्येक वेळी १५-२० मिनिटं, गिळल्याचा आवाज येतो. लंगोट ८, शी २.

शनिवार. सकाळी ७, पाच मिनिटांत सोडलं. ९.३०, उठवून लावलं, तीन मिनिटं, नुसतं तोंडात धरून बसली, गिळत नाही. मग दुपारी १ पर्यंत झोप, माझी उजवी बाजू दाटून आली. लंगोट सकाळपासून २, दुसऱ्यावर पिवळा डाग. ४ वा. अंग कढत, १००.२, दुपट्यात गुंडाळलेली होती. उघडी केली, पंखा लावला. ४.२५, १०१.

शनिवारच्या ओळी परत वाचा. दूध सकाळी सातला तुटलं, ताप चार वाजता दिसला. एवढ्या लहान बाळाचं दुखणं बऱ्याचदा असंच कळतं, आधी पिण्यातून आणि मग थर्मामीटरवर. म्हणून "पाजलं" एवढं लिहून उपयोग नाही. किती वेळ प्यायली, गिळताना आवाज येत होता का, स्वतःहून मागितलं की झोपेतून उठवून लावलं, आणि पाजून झाल्यावर छाती हलकी झाली का, हे लिहायचं. आईला हे कळत असतंच, फक्त तिला कोणी विचारत नाही. वरचं दूध देत असाल तर बोंडल्यातून किंवा बाटलीतून किती मिली गेलं आणि किती उरलं ते लिहा.

ओले लंगोट मोजायचे ते एवढ्यासाठी की आत किती दूध गेलं हे अंगावर पाजणाऱ्या बाईला दिसत नाही, बाहेर काय आलं ते दिसतं. पहिला आठवडा उलटल्यावर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट हे ठीक लक्षण. आमच्याकडे अजून सुती लंगोट बांधतात, त्यामुळे मोजणं सोपं गेलं आणि रंगही कळला. डायपरमध्ये दोनदा केलं की चारदा, कळत नाही. आजारपणाच्या दिवसांपुरतं तरी डायपर बाजूला ठेवा.

दुपट्याची नोंदही उगाच नाही. मे महिन्यातल्या दमट खोलीत बाळाला गुंडाळून ठेवलं तर त्याचं अंग तापणारच, त्यासाठी आजारच असायला हवा असं नाही. उघडं करून वीस-पंचवीस मिनिटांनी परत मोजायचं. आकडा उतरला तर दोष दुपट्याचा. आमच्याकडे तो चढला, तिथे माझी खात्री झाली. मोजण्याआधी काख सुक्या फडक्याने टिपून घ्यायची, हे आपल्या किनाऱ्यावर फार गरजेचं, कारण घामाने काख गार पडते आणि आकडा कमी दाखवते. थर्मामीटरचं टोक बाळाच्या काखेत नीट खोचायचं, हात अंगाला चिकटवून धरायचा आणि बीप वाजेपर्यंत सोडायचा नाही.

काकीचं म्हणणं एकच, टोचल्याचा ताप आहे, सगळ्या पोरांना येतो, मिठा-मिरच्यांनी दृष्ट काढते, उद्यापर्यंत उतरेल. बाबांनी मात्र शेजारची गाडी सांगितली आणि आम्ही तिन्हीसांजेला कणकवलीला निघालो. काकी मागच्या सीटवर. बालरोगतज्ज्ञांसमोर बसल्या बसल्या मला तोंड उघडू न देता तिनेच सांगून टाकलं, "इंजेक्शान दिल्यापासना तापच आसा." माझी आईही मान हलवत होती. त्या खोटं बोलत नव्हत्या. चार दिवसांच्या जागरणात बुधवारचा ताप आणि शनिवारचा ताप डोक्यात एकच होऊन जातो.

मी वही पुढे केली. डॉक्टरांनी गुरुवार-शुक्रवारच्या ओळींवर बोट ठेवून विचारलं, "यात औषध खरंच दिलं नव्हतं?" नव्हतं. आमच्याकडचा मुद्दा तोच होता. पॅरासिटामॉलचा अंमल चार ते सहा तास. ड्रॉप्स चालू असताना ९८ आला तर ताप गेला की झाकला गेला, सांगता येत नाही. पण शेवटचा डोस गुरुवारी पहाटे आणि त्यानंतर शनिवारी दुपारपर्यंत औषधाशिवाय अंगात ताप नाही, म्हणजे लसीचा ताप खरोखर संपला होता. लसीचा ताप बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येतो आणि जातो. मध्ये एवढा खंड पडून, दूध तोडून परत आलेला ताप त्या लसीच्या माथी मारता येत नाही. तो नवा ताप, त्याचं कारण नव्याने शोधायचं.

सर्दी नाही, खोकला नाही, छाती साफ, कान-घसा ठीक, टाळू फुगलेली नाही. अशा वेळी तान्ह्या बाळात लघवीतला जंतुसंसर्ग मनात ठेवायचा असतो. ते बाळ जळजळ होते म्हणून सांगणार कसं? ते फक्त ताप काढतं आणि दूध सोडतं. लघवी बारीक नळी घालून घेतली. चिकटपिशवी लावून का नाही, असं मी विचारलं, कारण नळी बघून माझ्याच पोटात कालवलं. तर म्हणाले, पिशवीत कातडीवरचे जंतूही येतात, मग कल्चरच्या रिपोर्टवर विश्वास ठेवता येत नाही. रक्तही तपासलं. साध्या तपासणीत पू-पेशी भरपूर दिसल्या, म्हणून तीन महिन्यांच्या आतलं बाळ असल्याने रात्रीच भरती करून शिरेतून अँटिबायोटिक चालू केलं. कल्चरला दोन दिवस लागले, त्यात ई. कोलाय वाढला. पुढे मूत्रपिंडाची सोनोग्राफी झाली, ती व्यवस्थित आली. भरती असतानाही मी वही सोडली नाही, आणि ताप पूर्ण उतरायच्या आधीच रात्री दोन वाजता तिने स्वतःहून पदर ओढून अठरा मिनिटं दूध प्यायलं, ही नोंद वाचून राउंडला आलेले डॉक्टर पहिल्यांदा हसले.

काकीच्या मते गुण दृष्टीच्या मिरच्यांना आला, अजूनही लग्नकार्यात भेटली की चारचौघींत सांगते. सांगू दे. पण "मोजू नये, नजर लागते" असं ज्या ज्या घरात म्हणतात, तिथे बाळाचं पिणं निम्म्यावर आल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं, हे मी तिच्या तोंडावर बोलले आहे आणि परत बोलेन. घुटी, पाणी यांतलंही काही सहा महिन्यांच्या आत नाही आणि मध तर वर्षाच्या आत नाही, यावर आमचा दुसरा वाद आहे, तो परत कधीतरी. कोणी गुपचूप चाटवलंच तर तेही वहीत लिहा, न लाजता.

औषध लिहिताना "अर्धा चमचा" लिहू नका. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स साधारण १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात आणि नेहमीचं सिरप ५ मिलीत १२५. म्हणजे तेवढ्याच मापाने सिरपच्या जागी ड्रॉप्स दिले तर डोस चौपट होतो. बाटलीवरचं ते वाक्य उतरवून काढा आणि किती मिली, किती वाजता ते लिहा. डोस बाळाच्या वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडूनच घ्या. माझ्या लेकीचा तुमच्या बाळाला लावू नका.

ॲपचं विचारलंत. ज्याला जमतं त्याने वापरावं, पण रात्री तीनला एका हातात बाळ असताना मला पेन्सिल जमली, आणि दवाखान्यात मोबाइल चाळत बसण्यापेक्षा उघडं पान पटकन वाचून होतं. शिवाय दुपारी माझा डोळा लागला तर आई लिहायची. माझा मोबाइल तिला उघडता येत नाही.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. तुमचं बाळ दोन महिन्यांचं आहे, म्हणजे नोंद पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. काखेत ९९.५ च्या वर गेलं की उघडं करून परत मोजा, तरी राहिलं तर त्याच दिवशी दाखवा, आणि १००.४ ला पोचलं तर रात्र असली तरी निघा. पिणं निम्म्यावर आलं, हलवल्याशिवाय हालचाल करत नाही, छाती आत ओढली जाते, झटका आला, किंवा शांत असताना मिनिटाला साठच्या वर श्वास भरले, तर थर्मामीटर काय म्हणतं ते बघायचंही नाही. अंग थंड पडणंही तितकंच वाईट. लसीचं कार्ड वहीतच घालून ठेवा, म्हणजे निघताना शोधायला लागत नाही.