खोट्या रिव्ह्यूने गिऱ्हाईक तुटलं. भरपाई किती मागावी?

लातूरला क्लासेसच्या भागात आमची मेस आहे. शेजारच्या मेसवाल्याने खोट्या नावांनी 'जेवणात अळ्या निघाल्या' असे रिव्ह्यू टाकले. मागच्या जूनमध्ये ८४ पोरं होती, यंदा ५२. महिन्याला ३,००० रुपये फी, दहा महिन्यांचं सत्र. ९,६०,००० चा दावा लावू का?

नाही. तो आकडा गल्ल्याचा आहे, नुकसानीचा नव्हे. न आलेल्या पोरांसाठी तुम्ही गहू, तेल, गॅसही विकत घेतला नाही. तुमच्याच पत्राप्रमाणे एका पोरामागे हा खर्च महिन्याला २,१०० रुपये. म्हणजे बुडाले ते ९०० रुपये. जागेचं भाडं आणि स्वयंपाकाच्या मावशींचा पगार या वाचलेल्या खर्चात धरू नका, पोरं कमी झाली तरी तो द्यावाच लागला.

आता ३२ पोरांकडे वळू. त्याच गल्लीतल्या, बदनामी न झालेल्या मेसमध्येही यंदा पोरं थोडी कमी आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. त्या हिशेबाने आठ तरी तुमच्याकडे तशीही आली नसती, आणि समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार. उरली २४. गुणिले ९००, गुणिले १०: २,१६,०००. मध्येच भरलेल्या जागा त्यातूनही वजा करा. महाराष्ट्रात कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर लागते, त्यामुळे फुगवलेल्या आकड्याचा भुर्दंड आधी तुम्हालाच. नावाला बट्टा लागल्याची भरपाई वेगळी मागता येते, पण बुडालेला धंदा मात्र आकड्यानिशी दाव्यात लिहावाच लागतो.

आकड्याला आधार हवा: दोन-तीन वर्षांचं मेसचं रजिस्टर, यूपीआयच्या नोंदी, किराण्याची बिलं. आयकर विवरणात उत्पन्न नाममात्र दाखवलं असेल, तर कोर्टात मोठा नफा सांगताना अडचण होईल. आणि सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे तुम्ही पत्रात सांगितलेल्या परभणीच्या पालकांचा 'रिव्ह्यू वाचला, ॲडव्हान्स परत द्या' हा व्हॉट्सॲप मेसेज. रिव्ह्यूमुळेच गिऱ्हाईक गेलं, हे त्याच्याइतकं सरळ दुसरं काही दाखवत नाही. त्या पालकांना साक्षीला याल का, हे आत्ताच विचारा. कागद घेऊन दिवाणी वकिलाला भेटा, दाव्याचा आकडा तो ठरवेल.

ग्राहक मंचात जाता येईल का?

नाही, इथे तुम्ही ग्राहक नाही.

रिव्ह्यू मागच्या उन्हाळ्यातला आहे, पण अजून दिसतोय. म्हणजे मुदत चालूच आहे ना?

'दिसतोय तोवर मुदत आहे, असं कुणीतरी सांगितलं' हे प्रकरण दर आठवड्याला येतं. लेखी बदनामीच्या भरपाईची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष आहे, मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ७५. मजकूर नेटवर राहिला म्हणून रोज नवी मुदत सुरू होत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलंय. नोटीस पाठवली, रिव्ह्यू ज्या साइटवर आहे त्या कंपनीला मेल केला, मध्यस्थ बसवले, यातल्या कशानेही घड्याळ थांबत नाही. लोक मात्र 'सीझन संपू द्या, मग बघू' म्हणत अकरा महिने घालवतात आणि मग रविवारी रात्री फोन करतात. वर्ष उलटलंच असेल तर धंद्याविरुद्ध जाणूनबुजून केलेल्या खोट्या प्रचाराचा वेगळा दावा बसतो का, हे वकील पाहील. पण तिथे खोटेपणा आणि दुष्ट हेतू तुम्हालाच सिद्ध करावा लागतो, त्यावर विसंबून बसू नका. रिव्ह्यूची तारीख आज बघा आणि या आठवड्यात वकील गाठा.

एक एजन्सी १५,००० रुपयांत रिव्ह्यू काढून देते म्हणते. वर पन्नास चांगले रिव्ह्यूही टाकणार. घ्यावं का?

अजिबात नको! स्वतः खोटे रिव्ह्यू टाकून दुसऱ्याच्या खोट्या रिव्ह्यूबद्दल कोर्टात कोणत्या तोंडाने उभे राहणार? शिवाय पुरावा न ठेवता रिव्ह्यू काढला तर दाव्याचा पायाच गेला. आधी रिव्ह्यूची पूर्ण लिंक, तारीख आणि त्या प्रोफाइलचे इतर रिव्ह्यू दिसतील असा स्क्रीन रेकॉर्ड करा. तुमच्या मेसला एक तारा आणि त्याच आठवड्यात शेजाऱ्याला पाच, असं बरेचदा तिथेच सापडतं. नुसता कापलेला स्क्रीनशॉट चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकिलाकडून करून घ्या, मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा.

शेजाऱ्यानेच टाकलं हे कसं सिद्ध करू? कंपनी नाव सांगत नाही.

मागून सांगणारही नाही, कोर्टाचा आदेश लागतो. दावा अनोळखी व्यक्तीविरुद्ध लावून खात्याचा मोबाइल नंबर आणि आयपी पत्ता मागवता येतो. पण आयपीवरून फार तर कनेक्शन कळतं, बोटं कुणाची ते नाही. म्हणून रजिस्टरही पुढे ठेवा: रिव्ह्यूतल्या नावाचं पोरगं तुमच्याकडे कधी जेवलंच नाही, हे त्यातून दिसू द्या. आणि 'भाजी बेचव' एवढंच लिहिलं असेल तर ते मत झालं, त्यावर सहसा दावा टिकत नाही.

पोलिसांनी नुसती एनसी लिहून घेतली. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे, बदनामी अदखलपात्र गुन्हा आहे. फौजदारी तक्रार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते, आणि पैसे हवे असतील तर दिवाणी दावाच.