यूपीआय, नोटांचा वेग आणि ४ टक्क्यांचे लक्ष्य

प्रश्न: यूपीआयमुळे लोक रोख कमी बाळगतात, म्हणजे पैशाचा वेग वाढणारच. मग रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्य चुकणार नाही का?

तेवढ्यामुळे लक्ष्य चुकायचे कारण नाही, कारण ते आता पैशाच्या परिमाणावर बेतलेले नाही. खरी अडचण बँकांच्या रिझर्व्ह बँकेतील शिलकीत उद्भवते. मी इंदूरला एका बँकेत बरीच वर्षे रोकड विभाग सांभाळला, तेव्हा आधी नोटेच्या बाजूने सांगतो.

समजा, राजवाड्याजवळ राहणाऱ्या एका नोकरदार कुटुंबाचा महिन्याचा खर्च २४,००० रुपये आहे. पूर्वी दर दहा दिवसांनी एटीएममधून ८,००० काढले जात आणि ते हळूहळू संपत, म्हणजे घरात सरासरी ४,००० रुपये रोख असे. आता १८,००० यूपीआयने जातात आणि कामवाल्या मावशी, भाजीवाली, देवळातली दक्षिणा यांसाठी ६,००० महिन्यातून एकदाच काढले जातात. घरातली सरासरी रोख ३,००० झाली. एकूण खर्चाला या रोखीने भागले तर वेग महिन्याला ६ वरून ८ वर गेला. मात्र फक्त रोखीने केलेल्या खर्चाला भागले तर तो ६ वरून २ वर घसरला, कारण नोट हातोहात फिरण्याऐवजी डब्यात पडून राहते. चर्चेत येतो तो बहुधा पहिला वेग, ज्यात राष्ट्रीय उत्पन्नाला चलनाने भागलेले असते. शिवाय घरात कमी झालेले १,००० रुपये नाहीसे झालेले नाहीत. ते बचत खात्यात आहेत, त्यामुळे रोख आणि ठेवी मिळून होणारा व्यापक पैसा तेवढाच राहतो.

हा बदल सरळ रेषेत होत नाही. यूपीआय २०१६ मध्ये आले, तरी महामारीच्या २०२०-२१ या वर्षात लोकांनी खबरदारी म्हणून नोटा जवळ ठेवल्या आणि चलनाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण १४ टक्क्यांच्या वर गेले; पुढे ते उतरले. व्यवहारासाठी लागणारी रोख आणि साठवणीची रोख या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि यूपीआय मुख्यतः पहिलीलाच हात घालते.

आता बँकेच्या आत पाहू. दुकानदार संध्याकाळी गल्ला भरतो, शाखा मर्यादेपेक्षा जास्त झालेली रोकड करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने बँक सांभाळते त्या नोटांच्या तिजोरीत, पाठवते, आणि ती तिथे जमा झाली की बँकेच्या रिझर्व्ह बँकेतील खात्यात तेवढी रक्कम जमा होते. त्या नोटा पूर्वीसारख्या पुन्हा बाहेर पडल्या नाहीत, तर ती रक्कम खात्यात तशीच राहते.

लहान आकड्यांत मांडतो. लोकांकडे रोख २०, ठेवी १००, आणि सोयीसाठी रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकेला रिझर्व्ह बँकेत ठेवावाच लागतो तो, ४ टक्के धरू. बँकांची रिझर्व्ह बँकेतील शिल्लक ४, म्हणून रोख आणि ही शिल्लक मिळून होणारा मूळ पैसा २४ आणि व्यापक पैसा १२०. लोकांनी ५ रुपये रोख ठेवीत टाकले. ठेवी १०५ झाल्या, बँकांची शिल्लक ९ झाली, पण राखीव म्हणून लागतात फक्त ४.२०. उरलेले ४.८० कर्जाऊ देत गेले आणि लोकांनी रोख व ठेवींचे नवे प्रमाण, म्हणजे १५ ला १०५, तसेच राखले, तर व्यापक पैसा १५० पर्यंत जाऊ शकतो. ही कमाल मर्यादा झाली. कर्जाला मागणी आणि बँकेकडे भांडवल नसेल तर तिथवर कोणी पोहोचत नाही. पण मूळ पैशावर नजर ठेवणाऱ्याला २४ चा आकडा जसाच्या तसा दिसेल आणि सर्व काही ठीक आहे असे वाटेल.

म्हणूनच पैशाच्या वाढीचे लक्ष्य अशा काळात दगा देते. चक्रवर्ती समितीने १९८५ मध्ये सुचवलेली तशी चौकट आपण १९९८ मध्ये सोडली, आणि २०१६ पासून कायद्याने महागाईचे लक्ष्य ४ टक्के, दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मुभा, असे आहे. रोजच्या कामकाजात रिझर्व्ह बँक बँकांमधील एका रात्रीच्या उसनवारीचा सरासरी दर, म्हणजे कॉल रेट, रेपो दराजवळ ठेवते; रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर. वरचे ४.८० मोकळे राहिले तर कॉल रेट रेपोखाली घसरून स्थायी ठेव सुविधेच्या, म्हणजे बँकांना जादा पैसा रिझर्व्ह बँकेत ठेवल्यावर मिळणाऱ्या, दराकडे सरकतो. तेव्हा रिव्हर्स रेपोच्या लिलावातून जादा रक्कम शोषून घेतली की दर जागेवर येतो, आणि वेग किती बदलला हे आधी ठाऊक असण्याची गरज उरत नाही. दर धरून ठेवला की रोखीच्या मागणीतला चढउतार आपोआप शिलकीत जिरतो. माझ्या मते या पद्धतीचा हाच सर्वांत मोठा फायदा आहे.

अवघड होतो तो उद्याचा अंदाज. दिवाळीपूर्वी रोकड बाहेर जाणार आणि नंतर परत येणार, हा ठोकताळा जुन्या वर्षांवरून काढलेला असतो. लोकांनी सराफ्यातही क्यूआर वापरायला सुरुवात केली की तो हमखास फसतो. अंदाज फसला आहे का, हे तुम्हालाही पाहता येईल: रिझर्व्ह बँक दररोज नाणेबाजाराचे आकडे प्रसिद्ध करते, त्यात कॉल रेट रेपोपासून कित्येक दिवस एकाच बाजूला राहिला असेल, तर शोषण किंवा पुरवठा कमी पडतो आहे.