कामाची वाटणी, सेफ्टी आणि संध्याकाळचा हिशोब एकाच ओळीत

प्रश्न: मी नवीन साइट सुपरवायझर आहे. रोज सकाळी कामं वाटून देतो, सेफ्टीबद्दलही बोलतो. पण सेफ्टीचं कुणी मनावर घेत नाही आणि संध्याकाळी विचारलं की सगळे "होत आलंय" म्हणतात. सकाळची पद्धत नेमकी कशी असावी?

उत्तर:

तुमच्याकडे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हीच खरी अडचण आहे. वाटणी वहीत, सेफ्टीचं भाषण गेटजवळ आणि प्रगतीचा रिपोर्ट संध्याकाळी ऑफिसात. मी तिन्ही एका कागदावर, प्रत्येक टोळीसाठी एकाच ओळीत लिहितो: कुठे, कोण, किती, त्या जागी धोका कोणता आणि काम झालं हे कशावरून म्हणायचं. हा कागद आदल्या संध्याकाळी मुकादमांना विचारून तयार होतो. सकाळी माणसं उभी असताना कामं ठरवायला लागलात की जो मोठ्याने बोलतो त्याला सोपं काम मिळतं.

एक उदाहरण पूर्णच सांगतो. दुसऱ्या मजल्यावर बाहेरच्या कडेची ब्लॉकची भिंत घ्यायची आहे. कॉलम ते कॉलम सहा मीटरचे दोन गाळे, दोन गवंडी आणि दोन हेल्पर. "बाहेरची भिंत घ्या" एवढं सांगितलं तर संध्याकाळी मोजणार काय? म्हणून कागदावर असं येतं: दोन्ही गाळे, प्रत्येकी सहा थर. 600 बाय 200 मिमीचा ब्लॉक धरला तर एका थरात दहा, म्हणजे एका गाळ्यात 60 आणि दिवसाचे 120 ब्लॉक. उंची साधारण 1.2 मीटर. ओली भिंत एका दिवसात दीड मीटरच्या वर चढवू नये, आणि एवढ्या उंचीपर्यंत गवंड्याला घोड्यावर चढावं लागत नाही, म्हणून सहाच थर.

आता धोका बघा. कडेचं रेलिंग नेमकं भिंतीच्या ओळीतच उभं असतं. ते काढल्याशिवाय पहिला थर लागत नाही. म्हणजे काम सुरू होतं त्या क्षणी कडा उघडी पडते आणि भिंत निदान मीटरभर येईपर्यंत तशीच राहते. "हेल्मेट घाला, सावध राहा" या वाक्याचा इथे काही उपयोग नाही. माझ्या ओळीत तीन गोष्टी असतात. रेलिंग एका वेळी एकाच गाळ्याचं काढायचं. काढण्याआधी कडेपासून आत, कॉलम ते कॉलम लाइफलाइन ताणलेली हवी आणि बेल्टचा हुक तिलाच लावायचा; दोरीची लांबी अशी की माणूस भिंतीपर्यंत पोचेल, पण कडेच्या पलीकडे जाणार नाही. आणि संध्याकाळी भिंतीच्या आतल्या बाजूने पाइप परत बांधायचा, कारण ताजी भिंत माणसाच्या धक्क्याने बाहेर जाऊ शकते. तिच्यावर रेलिंग म्हणून भरवसा ठेवायचा नाही.

कागद एकत्र वाचला की दुसरा धोकाही दिसतो. शटरिंगवाल्यांच्या ओळीत त्याच दिवशी, बरोबर वरच्या मजल्यावर, कडेच्या बीमच्या फळ्या खोलायचं काम आहे. दोन्ही कामं आपापल्या जागी बरोबर, पण एकाखाली एक. मग शटरिंगवाल्यांना दिवसभर आतले गाळे द्यायचे, कडेचा बीम दुसऱ्या दिवशी, आणि भिंतीच्या खाली जमिनीवर पट्टी लावून रस्ता बंद करायचा. असे टकराव सकाळी साइटवर ओरडून सुटत नाहीत, ते आदल्या संध्याकाळी कागदावरच सोडवावे लागतात.

सकाळी सगळ्यांसमोर मी फार तर दोन मिनिटं बोलतो: आज कुठला रस्ता बंद, कुठे डोक्यावर काम चालू, नवीन माणूस कोण आणि तो कुणासोबत. खरी सूचना त्या त्या टोळीला कामाच्या जागेवर जाऊन, त्यांना कळेल त्या भाषेत. तिथे मी सांगत नाही, विचारतो. "हुक कुठे लावणार?" बोट दाखवायला लावायचं. कुणी रेलिंगच्या पाइपकडे किंवा कॉलमच्या उघड्या सळईकडे बोट दाखवलं, तर त्याला अजून समजलेलं नाही हे लगेच कळतं. मान डोलावणं म्हणजे उत्तर नव्हे. सही त्यानंतर. सह्यांचं रजिस्टर आधी फिरवलं की माणसं सही करून कान बंद करतात.

काम किती झालं ते मी तीनदा बघतो, प्रत्येक वेळी वेगळ्या कारणाने. सुरू झाल्यावर तासाभराने फक्त एवढंच, की काम खरंच सुरू झालंय का. बहुतेक दिवस इथेच वाया जातात. आपल्या उदाहरणात माल वर आलेला नव्हता, कारण हॉइस्ट शटरिंगच्या फळ्या उतरवण्यात अडकला होता. दुसरी फेरी जेवणाच्या सुट्टीत, आणि तेव्हा थर मोजायचे. हिशोबाने 60 ब्लॉक लागायला हवे होते, पण पहिल्या गाळ्यात चार थर, म्हणजे 40 झाले होते.

इथे निर्णय घ्यावा लागतो. याच वेगाने दुपारनंतर आणखी 40 ब्लॉक लागतील. त्यातले 20 पहिला गाळा पूर्ण करायला जातील, उरलेल्या 20 मध्ये दुसऱ्या गाळ्याचे दोनच थर. म्हणजे संध्याकाळी जेमतेम 40 सेंटिमीटरची ओली भिंत आणि रेलिंग काढलेली कडा. ती उंची पाय अडखळून बाहेर पडायला पुरेशी, अडवायला अजिबात नाही. म्हणून दुसरा गाळा त्या दिवशी उघडायचाच नाही. पहिला सहा थरांपर्यंत न्यायचा आणि उरलेल्या वेळात त्याच टोळीला आतली पार्टिशन भिंत द्यायची. गवंडी कुरकुर करतात, कारण लाइनदोरी पुन्हा बांधावी लागते. करू द्या.

तिसरी फेरी काम सुटायच्या तासभर आधी, म्हणजे राहिलेलं करून घ्यायला वेळ उरतो. "झालं" म्हणजे काय, हे सकाळीच ठरलेलं असतं: सहा थर, ओळंब्यात, सांधे भरलेले, कडेला सुटे ब्लॉक पडलेले नाहीत आणि आतून पाइप बांधलेला. यातलं एक जरी नसेल तर ओळीसमोर "अपूर्ण". टक्केवारी मी लिहीत नाही. शेवटचा दहा टक्के भाग बहुतेक वेळा साफसफाई आणि रेलिंगचाच असतो, आणि "नव्वद टक्के" लिहिलं की नेमका तोच राहून जातो.

अपूर्ण ओळीसमोर कारण एकाच शब्दात लिहायचं: माल, माणसं, मशीन, ड्रॉइंग, आधीचं काम. वरच्या दिवसाची नोंद अशी होती: 120 पैकी 60, मशीन. पार्टिशनचे ब्लॉक वेगळ्या ओळीत. ते यात मिसळले तर आकडा बरा दिसतो आणि हॉइस्टचा प्रश्न झाकला जातो. आठवडाभराच्या कागदांत "मशीन" सारखं दिसायला लागलं, तेव्हा हॉइस्टचं वेळापत्रक ठरवलं: ब्लॉक आदल्या संध्याकाळी वर, फळ्या दुपारनंतर खाली. वर चढवलेले ब्लॉक कॉलमजवळ, कडेपासून आत आणि कमी उंचीच्या थप्प्यांत ठेवायला सांगा, नाहीतर एकाच जागी स्लॅबवर नको तेवढा भार येतो.

उशिरा येणाऱ्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण अडेल तिथेच. नियम साधा ठेवा: ज्याला जागेवर सूचना मिळालेली नाही तो कडेच्या कामावर जात नाही. मुकादमाने त्याला जागेवर नेऊन तोच हुकचा प्रश्न विचारायचा आणि ओळीत त्याचं नाव वेळेसकट चढवायचं. तोवर तो आत माल सारत राहील.