नोंदवलेलं मृत्युपत्र बदलायचंय? मग प्रतिज्ञापत्र करू नका

प्रश्न: «वडिलांनी काही वर्षांपूर्वी मृत्युपत्र केलंय, नोंदणीही झालीय. आता म्हणतात, बहिणीलाही एक एकर द्यायचं. तालुक्याला दस्त लिहिणारे म्हणाले, स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करून नोटरी करा, काम झालं. की जुन्यावरच पेनने दुरुस्ती करून सही घेऊ?» – चोपडा

भाऊ, दोन्ही करू नका. मी वकील नाही आणि हे हिंदू कुटुंबाला लागू होणाऱ्या कायद्यापुरतंच लिहितोय (मुस्लिम कायद्यात मृत्युपत्राचे नियम वेगळे आहेत). पण तुम्हाला जो सल्ला मिळालाय, हुबेहूब तोच माझ्या मामांना मिळाला होता आणि त्यापायी आमच्या घरात सख्खे भाऊबहीण एकमेकांकडे जेवायचे बंद झाले.

मामा अमळनेर भागातले. सहा एकर वावर, सगळं स्वतः खरेदी केलेलं. मृत्युपत्र रीतसर होतं: विहिरीचं चार एकर थोरल्याला, कोरडवाहू दोन एकर धाकट्याला, घर मामीला. पुढे एकदा म्हणाले, «मनी आंडेरले बी वावर देनं शे.» चारातलं एक एकर मुलीला द्यायचं, एवढंच. कचेरीबाहेरच्या एका दुकानात गेले. तिथल्या माणसाने तयार मजकुरात नाव-गाव भरलं, «मी माझ्या मृत्युपत्रात खालील बदल करीत आहे» असं छापून दिलं, मामांची सही, नोटरीचा शिक्का, पैसे घेतले, पाठवून दिलं. साक्षीदार? एकही नाही. प्रतिज्ञापत्राला साक्षीदार लागत नाहीत, म्हणून त्या गृहस्थाने विचारलंसुद्धा नाही.

मामा गेल्यावर थोरल्याने नोंदवलेलं मृत्युपत्र तलाठ्याकडे दिलं. बहिणीने हरकत घेतली, फेरफार तक्रारी नोंदीत गेला, मंडळ अधिकाऱ्यांसमोर सुनावणी झाली. (फेरफाराने मालकी ठरत नाही, हे आम्हाला तिथे कळलं. ती दिवाणी कोर्टातच ठरते.) कोर्टात बहिणीच्या वकिलाने नोटरी आणि ओळख पटवणारा वकील अशा दोन सह्या आहेतच की, असं मांडून पाहिलं. पण त्या दोघांनी सही केली होती ती आपापल्या कामापुरती, मृत्युपत्राचे साक्षीदार म्हणून नव्हे. अशा सह्यांवर उभं राहायचं म्हणजे नशिबावर सोडायचं. शेवटी तडजोड झाली, बहिणीला अर्धा एकर मिळालं, तेही विहिरीपासून लांबचं. आणि दुकानवाला अजून तिथेच बसतो, त्याला कोणी जाब विचारत नाही. असो.

मुद्दा असा: १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात, मृत्युपत्र करायला जी पद्धत लागते तीच ते बदलायला आणि तीच लेखी रद्द करायला लागते. कलम ६३ वाचून घ्या, छोटं आहे. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा, निदान दोन साक्षीदारांनी तो करताना पाहायचा (किंवा «ही माझीच सही» असं त्याच्या तोंडून ऐकायचं) आणि दोघांनीही त्याच्यासमोर सही करायची. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं नाही, पण असावेत. नोटरी लागत नाही, आणि असली तरी तिने साक्षीदारांची उणीव भरून निघत नाही.

तुमच्या कामाला पुरवणी मृत्युपत्र पुरेल, ज्याला वकील कोडिसिल म्हणतात. त्यात मूळ मृत्युपत्राची तारीख आणि दस्त क्रमांक घाला, कोणत्या परिच्छेदात काय बदलतंय ते लिहा. नुसतं «एक एकर» लिहू नका. गट नंबर, कोणत्या बाजूचं, चतुःसीमा, वाट कुठून आणि विहिरीच्या पाण्यात तिची पाळी किती, हे सगळं येऊ द्या. आमच्याकडे केळीचं वावर पाण्यावाचून देणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. शेवटी स्पष्ट वाक्य: बाकी मजकूर पूर्वीप्रमाणे कायम.

इथेच दुसरी मेख आहे. टाइप करणाऱ्यांच्या ठरलेल्या मजकुरात बहुधा «यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत» हे वाक्य असतं. नव्या संपूर्ण मृत्युपत्रात ते हवंच. पण एका एकराच्या पुरवणीत ते राहिलं, तर मूळ मृत्युपत्र रद्द होण्याची आफत येते आणि उरलेली मालमत्ता मृत्युपत्र नसल्यासारखी सगळ्या वारसांत जाते. सही करण्याआधी हे वाक्य स्वतः शोधा. उलट, पूर्ण नवं मृत्युपत्र करून ते लिहायचंच राहिलं, तर जुनं जिथे नव्याच्या विरोधात नाही तिथे उभं राहतं आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचत बसावं लागतं.

माझं मत विचाराल तर बदल एकच असेल तर पुरवणी, दोन-तीन असतील तर सरळ नवं मृत्युपत्र. पुरवणीवर पुरवणी जोडत गेलं की वाचणाऱ्याचा गोंधळ, भांडणाऱ्याची सोय.

पेनच्या दुरुस्तीबद्दल कलम ७१ आहे. सह्या झाल्यावरची खाडाखोड धरली जात नाही, जोवर त्या जागी समासात करणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही नसेल. आणि शब्द वाचताच येऊ नयेत इतकं गिरवलं, तर तेवढी देणगीच बुडू शकते. शिवाय नोंदणी कार्यालयातल्या प्रतीत जुनाच मजकूर राहणार.

पूर्ण रद्दच करायचं असेल तर फाडणं, जाळणं हीही कायद्याने मान्य वाट आहे (कलम ७०), पण करणाऱ्याने स्वतः, किंवा त्याच्या सांगण्यावरून त्याच्या डोळ्यांसमोर, आणि रद्द करायच्याच हेतूने. मुलाने मागच्या दारी फाडलं तर ते रद्द नाही. नोंदवलेल्याचं फाडून भागवू नका. कार्यालयातली प्रत तशीच असते, आणि कोणी, कशासाठी फाडलं हे पुढे सिद्ध करत बसावं लागतं. दोन साक्षीदारांसह रद्दपत्र करा. ते झाल्यावर मन फिरलं, तर रद्दपत्र फाडून जुनं मृत्युपत्र जिवंत होत नाही. ते पुन्हा रीतसर करावं लागतं, किंवा तसं म्हणणारी पुरवणी करावी लागते.

पुरवणीची नोंदणी सक्तीची नाही. मूळ नोंदवलेलं असलं तरी बिनानोंदणीची पुरवणी त्याला बदलू शकते. तरी मी नोंदवायलाच सांगेन, कारण समोर नोंदवलेलं मृत्युपत्र उभं असताना साध्या कागदावर पहिला संशय जातो. लाभार्थ्यांची संमती लागते असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, लागत नाही. वडील अंथरुणावर असतील तर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात; त्यासाठी गृहभेटीचा अर्ज द्या.

साक्षीदार वडिलांपेक्षा तरुण आणि गावातच राहणारे घ्या, कारण वाद झाला तर त्यांतला निदान एक कोर्टात उभा करावा लागतो. बहीण, मेहुणे किंवा तुम्ही स्वतः साक्षीदार होऊ नका. हिंदूंच्या बाबतीत त्याने देणगी आपोआप रद्द होत नाही, पण प्रश्न उलटेसुलटे सुरू होतात. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला घेऊन ठेवा. कायदा मागत नाही, कोर्टात कामी येतो.

आणि एक आधी तपासा, वावर वडिलांचं स्वकष्टाचं की वडिलोपार्जित. वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणीचा तिचा स्वतःचा हिस्सा आहेच आणि वडील मृत्युपत्राने फक्त आपल्या हिश्श्याचं ठरवू शकतात. सात-बारा आणि जुने फेरफार घेऊन एखाद्या दिवाणी वकिलाला दाखवा, दस्त लिहिणाऱ्याला नको.