टँकरवाला मोकळा, मेडिकलवाल्याला नोटीस

प्रश्न : नमस्कार वकीलसाहेब. नागपुरात नाल्याकाठच्या वस्तीत माझं मेडिकल आहे. पुरात टेम्पोवाल्यानं 600 ऐवजी 1800 रुपये घेतले, तेव्हा कुठं पाण्याच्या 40 पेट्या आणि दवा बाजारातून इन्सुलिनच्या 10 व्हायल आणता आल्या. 20 ची बाटली 30 ला विकली, इन्सुलिनवर छापील किमतीपेक्षा 40 रुपये जास्त घेतले. चार घरी गुडघाभर पाण्यातून औषध पोचवलं, त्याचे 50-50 रुपये आधी सांगून वेगळे घेतले. आता एका गिऱ्हाइकानं तक्रार केली आणि औषध निरीक्षकानं लेखी खुलासा मागितलाय. माझ्या मेव्हण्यानं मात्र 1200 चा टँकर 3000 ला दिला, त्याला कोणी विचारत नाही. खर्च निघणारच नसेल तर पुरात माल आणायचा कोणी?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देणार नाही. पण आधी इन्सुलिनचं बोलू, कारण सगळ्यात मोठा धोका तिथं आहे.

औषधं अत्यावश्यक वस्तू कायदा, 1955 च्या यादीत आहेत. त्या कायद्याखाली निघालेल्या औषध किंमत नियंत्रण आदेश, 2013 चा परिच्छेद 26 सांगतो की दरपत्रकातली किंमत आणि वेष्टनावरची किंमत यांपैकी जी कमी असेल, तिच्यापेक्षा जास्त पैसे ग्राहकाकडून घेता येत नाहीत. पूर, संप, रस्ता बंद, असा कोणताही अपवाद त्यात विक्रेत्याच्या हाती ठेवलेला नाही. याच कायद्याच्या कलम 7 खाली शिक्षा किमान तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत जाते. गुन्हा दखलपात्र आहे, आणि कलम 10क मुळे तुमचा हेतू वाईट होता असं न्यायालय आधी गृहीत धरतं, तसा नव्हता हे तुम्हाला दाखवावं लागतं. 40 रुपये लहान वाटतात, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

बाटलीचा प्रश्न वेगळ्या कायद्यात जातो. पाकीटबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांतला नियम 18 छापील किमतीपेक्षा जास्त भावानं विकायला मनाई करतो, आणि तक्रार वैधमापन विभागाकडे जाते. हॉटेलं बाटलीचे जास्त पैसे घेतात ते चालतं, असं काहीजण सुचवतील. सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये तशी मुभा दिली, पण ती टेबल-खुर्ची, वाढप अशा सेवेसह दिलेल्या पाण्याला. काउंटरवरून बाटली देणाऱ्या दुकानाला तिचा आधार मिळत नाही.

आता खर्चाचा हिशेब तुमच्याच आकड्यांवर करू. टेम्पोचा जादा खर्च 1200. पेटीत 12 बाटल्या धरल्या तर 480 बाटल्या. सगळा जादा खर्च पाण्यावरच टाकला तरी बाटलीमागे अडीच रुपये येतात. तुम्ही दहा घेतले, म्हणजे 4800. बाकीचे 3600 टेम्पोवाल्याकडे गेलेले नाहीत, ते तुमच्याकडे राहिले. खुलाशात ‘वाहतूक महाग पडली’ एवढंच लिहिलं तर निरीक्षक हाच गुणाकार करून दाखवेल.

तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. अनुसूचित औषधाची कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरतात. त्यात पुरातली फेरी बसत नाही. चढा भाव दोन कामं करतो, माल ओढून आणतो आणि पहिल्या गिऱ्हाइकाला पाच पेट्या उचलण्यापासून रोखतो. भाव गोठवला की दोन्ही कामं थांबतात, आणि रिकाम्या फळीवरच्या 20 रुपयांच्या किमतीचा तहानलेल्याला काही उपयोग नाही. मात्र इन्सुलिनच्या बाबतीत हा युक्तिवाद मोडतो. ज्याला रोज ते टोचावं लागतं त्याची गरज भाव वाढला म्हणून कमी होत नाही. अशा ठिकाणी चढा भाव गरज ओळखत नाही, त्या दिवशी खिशात रोख कोणाच्या आहे तेवढंच ओळखतो. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी घराघरांत शिरली तो शनिवार आठवा. वीज गेली की एटीएम बंद आणि हातातला मोबाइलही. पैसे असलेला माणूससुद्धा त्या सकाळी रोकड नसलेला होता. म्हणून औषधाच्या किमतीवरची ही बंदी मला योग्यच वाटते.

मग माल आणायचा कसा? ते तुम्ही स्वतःच अर्धं करून दाखवलंत. घरपोच सेवेचे 50 रुपये आधी सांगितले, वेगळे घेतले आणि ज्याला नको होतं त्याला दुकानात येऊन छापील किमतीत घेता येत होतं, तर ती वस्तूची किंमत नव्हे, सेवेचा मोबदला. यात मला बेकायदा काही दिसत नाही. मात्र बिलात ती ओळ वेगळी हवी. काउंटरवरच्या प्रत्येकाकडून ‘वाहतूक’ म्हणून तेच पैसे घेतले असते, तर तो छापील किमतीला दिलेला वळसा ठरला असता. दुसरं काम, म्हणजे साठेबाजी रोखणं, भावाशिवाय होतं. एका घराला दोन बाटल्या, अशी पाटी पाण्याला लावा. औषधाला मात्र स्वतःची मर्यादा लावू नका, कारण त्याच किंमत नियंत्रण आदेशाच्या परिच्छेद 28 प्रमाणे हाती असलेलं औषध विकायला नकार देता येत नाही. चिठ्ठीवर लिहिलेलं प्रमाण हीच तिथली मर्यादा.

मेव्हण्याला का विचारलं नाही? टँकरच्या सुट्या पाण्यावर छापील किंमत नसते आणि पाणी अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत नावानिशी नाही. उरतो तो 1872 चा करार कायदा. त्यात कलम 16 खाली एक उदाहरण दिलं आहे : बाजारात पैशाची चणचण असताना बँकर नेहमीपेक्षा चढ्या व्याजाशिवाय कर्ज देत नाही, माणूस ते घेतो, आणि कायदा म्हणतो की हा नेहमीच्या धंद्यातला व्यवहार आहे, अनुचित दबाव नव्हे. 3000 चा टँकर बराचसा याच चौकटीत बसतो. आधी 1200 ठरवून दारात पोचल्यावर 3000 मागितले असते, तर मात्र ठरलेल्या किमतीवर जादा आकारणी म्हणून ग्राहक आयोगात तक्रार टिकली असती.

म्हणून मेव्हणा कायमचा मोकळा आहे असं समजू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 65 खाली जिल्हा प्राधिकरण, ज्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, टँकर अधिग्रहित करू शकतं. कलम 66 प्रमाणे त्याचं भाडं त्या भागातल्या प्रचलित दरानं मिळतं. टँकरमालकाला पैसे मिळतात, पाणी कोणाला आधी जायचं ते मात्र प्रशासन ठरवतं. सुट्या पाण्यासाठी ही तरतूद मला सर्वात न्याय्य वाटते, कारण खर्च गिऱ्हाइकाच्या अडचणीतून न काढता सरकारी तिजोरीतून काढला जातो.

आता खुलासा. मागची तारीख टाकून एकही बिल बनवू नका, मूळ चुकीपेक्षा ते महागात पडेल. इन्सुलिनच्या बिलांवर रुग्णांची नावं असतील, त्या सगळ्यांना व्हायलमागे 40 रुपये परत करा आणि सही घ्या. परतफेडीनं गुन्हा पुसला जात नाही, पण हेतू आणि शिक्षा यांवर बोलताना तोच तुमचा आधार असतो. टेम्पोची पावती, घरपोच सेवेची नोंद आणि परतफेडीच्या सह्या जोडा. पाण्याबद्दल निरीक्षकानं विचारलं नसेल तर स्वतःहून लिहू नका, पण जे गिऱ्हाईक मागेल त्याचे दहा रुपये लगेच द्या. खुलाशातलं प्रत्येक वाक्य पुढं खटल्यात वापरलं जाऊ शकतं, म्हणून सही करण्याआधी तो फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला दाखवा आणि दिलेल्या मुदतीच्या आत पोच घेऊन सादर करा.