भट्टीतल्या वायूच्या प्रारणात बीम लेंथ कोणती घ्यायची?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एलपीजीवरची १.५ × १ × १ मीटरची भट्टी आहे. वायू १२०० अंश सेल्सिअस. वायूची उत्सर्जकता देणाऱ्या चार्टसाठी लांबी १.५ मीटर धरू का?

नको. सरासरी बीम लेंथ म्हणजे प्रारण वायूतून सरासरी जेवढं अंतर जातं ते, आणि ती येते ३.६ × घनफळ ÷ आतलं पृष्ठफळ. इथे ३.६ × १.५ ÷ ८, म्हणजे ०.६८ मीटर. १० टक्के जादा हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ०.११ आणि वाफ ०.१४ अ‍ॅटमॉस्फिअर असते. लांबीने गुणल्यावर ०.०७५ आणि ०.०९५ अ‍ॅटमॉस्फिअर-मीटर येतात. १४७३ केल्विनला चार्टवर उत्सर्जकता अंदाजे ०.१० आणि ०.१२ मिळते. दोघांचे पट्टे एकमेकांवर येतात, म्हणून सुमारे ०.०२ वजा करा, एकूण ०.२०.

खरी चूक पुढे होते. भट्टीत तापणाऱ्या ७०० अंशांच्या जॉबकडून येणाऱ्या प्रारणासाठी वायूची शोषकता ०.२० धरू नका. चार्ट जॉबच्या ९७३ केल्विनला वाचा, दाब-लांबीचा गुणाकार ९७३/१४७३ ने कमी करून. मग कार्बन डायऑक्साइडचं उत्तर (१४७३/९७३) च्या ०.६५ घाताने आणि वाफेचं ०.४५ घाताने गुणा. शोषकता ०.२९ च्या आसपास येते, आणि काळ्या पृष्ठभागावर निव्वळ उष्णता ४३ ऐवजी ३९ किलोवॅट प्रति चौरस मीटर. ज्योत पिवळी, काजळीची असेल तर हे आकडे कमी पडतात, कारण चार्ट फक्त स्वच्छ वायूचे आहेत.